सेकंदाला एक झटका

(दृश्य: लांब व्हरांडा. खांबांची ओळ. कॅमेरा डावीकडून उजवीकडे संथ सरकतो.)

या शॉटकडे जरा टक लावून पाहा. कॅमेरा एकाच वेगात फिरतोय, खांब एकामागून एक सरकतायत. आणि मधेच कुणीतरी पायात पाय घातल्यासारखं चित्र अडखळतं. क्षणभरच. मग पुन्हा सगळं सुरळीत, आणि पुन्हा तोच झटका.

हा शॉट एडिटिंगला आला तेव्हा आम्ही पहिला दोष ट्रायपॉडला दिला. हेड कुठेतरी अडकत असणार, असं वाटलं. पण हेड अडकलं तर ते कुठेही अडकेल. हा झटका घड्याळ लावल्यासारखा येत होता, दर सेकंदाला एक. चूक कॅमेऱ्यामागच्या हातांची नव्हती. शॉट होता सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि आम्ही तो २५ च्या टाइमलाइनवर तसाच टाकला होता.

(दृश्य: एडिटिंगचा पडदा. एक एक फ्रेम पुढे जाते. खांबाच्या कडेवर उभी रेघ.)

हे ओळखायची साधी रीत आहे. क्लिप थांबवायची, एका खांबाच्या कडेवर नजर रोवायची आणि कीबोर्डवरच्या बाणाने एकेक फ्रेम पुढे जायचं. खांब दर वेळी १० पिक्सेल सरकतो. दहा, दहा, दहा. चोविसाव्या वेळेपर्यंत असंच. पंचविसाव्या वेळी बाण दाबला, फ्रेमचा आकडा पुढे गेला, पण खांब जागचा हलला नाही.

सेकंदाला २५ चित्रं हवीत आणि हातात २४ च आहेत. सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही, तर ते जवळची फ्रेम उचलतं आणि कमी पडलेली जागा एकच फ्रेम दोनदा दाखवून भरतं. ती जास्तीची फ्रेम एका सेकंदाचा पंचविसावा भाग टिकते, म्हणजे ४० मिलिसेकंद. एवढंसं कुणाला दिसणार, असं वाटेल. पण सरकत्या वस्तूमागे आपली नजर नुसती जात नाही, ती पुढची जागा धरून चालते. खांब तिथे पोचला नाही की ठेच नजरेलाच लागते. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल, तर हीच दोनदा आलेली फ्रेम बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. पॅनमध्ये मात्र ती लपत नाही.

इथे एक सावधगिरी. बहुतेक संगणकांचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. २५ फ्रेमचं चित्र त्यावर चाललं, की एक फ्रेम दोन ठोके टिकते, पुढची तीन, मग पुन्हा दोन. म्हणजे अगदी निर्दोष क्लिपही त्या पडद्यावर थरथरते. म्हणून निवाडा डोळ्यांवर सोडू नका, फ्रेम मोजा. आणि चालवूनच पाहायचं असेल, तर पडदा जमत असल्यास ५० हर्ट्झवर आणून पाहा.

(दृश्य: तोच पॅन, आता दोन फ्रेम मिसळलेला. एका खांबाचे दोन पुसट खांब.)

मग आम्ही दुसरी वाट धरली. दोन फ्रेम एकमेकींत मिसळायच्या. झटका गेला, पण त्याच्या जागी वेगळंच काही आलं. सेकंदाच्या सुरुवातीला खांब स्वच्छ दिसतो. मग त्याच्या शेजारी एक फिकट जुळा खांब उगवतो. सेकंदाच्या मध्याला, बाराव्या-तेराव्या फ्रेमला, दोन्ही खांब जवळपास सारखेच ठळक होतात. मग जुळा विरत जातो आणि चित्र पुन्हा स्वच्छ होतं. पुढच्या सेकंदाला तेच सगळं नव्याने. चित्र श्वास घेतंय असं वाटतं. मला विचाराल तर हे झटक्यापेक्षा वाईट. झटक्यात निदान प्रत्येक फ्रेम खरी तरी असते.

तिसरी वाट ऑप्टिकल फ्लोची. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतं आणि मधल्या क्षणाचं चित्र नव्याने तयार करतं. ऐकायला उत्तम. पण हिशेब मांडून पाहा. २४ ची आणि २५ ची पावलं सेकंदातून एकदाच जुळतात. म्हणजे दर २५ फ्रेममधली एकच कॅमेऱ्याने टिपलेली, उरलेल्या २४ रचलेल्या. आमच्या शॉटमध्ये खांबांमागे जाळीची खिडकी होती. खांब पुढून गेला, की त्याच्या मागून जाळी उघडी पडायची. ती आधीच्या फ्रेममध्ये दिसतच नव्हती, मग सॉफ्टवेअर ती आणणार कुठून? खांबाच्या कडेला जाळी मेणासारखी वितळत गेली.

(दृश्य: मूळ पॅन. या वेळी खांब न अडखळता शेवटपर्यंत सरकतात.)

आणि हा उपाय. एकही फ्रेम वाढवायची नाही, एकही गाळायची नाही, मिसळायचीही नाही. त्याच फ्रेम, त्याच क्रमाने, फक्त सेकंदाला २४ ऐवजी २५ या वेगाने चालवायच्या. एडिटिंगच्या भाषेत याला कन्फॉर्म करणं म्हणतात. प्रीमिअरमध्ये Interpret Footage मध्ये जाऊन २५ चा आकडा भरायचा. रिझॉल्व्हमध्ये तेच काम Clip Attributes मध्ये होतं. बाण दाबून पाहिलं, तर दहा, दहा, दहा, आणि पंचविसाव्यालाही दहा.

याची किंमत वेळात मोजायची. चित्र चार टक्क्यांहून किंचित जास्त वेगाने पळतं. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. युरोपात सेकंदाला २५ फ्रेमचं प्रक्षेपण होतं, आणि तिथल्या टीव्हीवर चित्रपट कित्येक दशकं असेच दाखवले गेले. चालणारा माणूस चार टक्के भरभर चालला, तर डोळ्याला ते जाणवत नाही.

कानाला मात्र जाणवू शकतं. आवाज चित्राबरोबर नुसता पळवला, तर तो चढतो. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं जे अंतर, त्याच्या साधारण सात-दशांश एवढा. बोलण्यात ते खपून जातं, फक्त भारदस्त आवाज जरा हलका होतो. ओळखीचं गाणं असेल, तर तयार कान लगेच टवकारतो. म्हणून आवाजाची लांबी कमी करायची आणि त्याची पट्टी होती तिथेच ठेवायची. एफएफएमपेगमध्ये ही दोन्ही कामं एकाच ओळीत होतात:

```
ffmpeg -r 25 -i film24.mov -af "atempo=1.0416667" film25.mov
```

फाइलच्या नावाआधीचा -r 25 हा चित्रासाठी. फाइलमधल्या वेळा बाजूला ठेव आणि फ्रेम २५ च्या वेगाने मोज, असं तो सांगतो. atempo पट्टी न बदलता आवाज तेवढाच आवळतो. तो आकडा म्हणजे २५ भागिले २४.

याच आकड्यात एक खड्डा आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या मेनूत २४ लिहिलेलं असतं आणि फाइल मात्र २३.९७६ ची निघते. ती खरोखर २४ ची आहे असं धरून आवाज आवळला, तर चित्र आवाजाच्या आधी संपतं. पहिल्या मिनिटाला पत्ता लागत नाही. दहा मिनिटांच्या मुलाखतीच्या शेवटी मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा येतो. म्हणून मेनूवर विश्वास ठेवायचा नाही, फाइललाच विचारायचं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mov
```

उत्तर 24/1 आलं तर वरचा आकडा बरोबर. 24000/1001 आलं तर atempo मध्ये 1.0427083 घालायचा. आणि दोन ओळींत दोन वेगळे आकडे आले, तर फ्रेमचा वेग मधेच बदलत असण्याची शक्यता धरा. फोनच्या क्लिपमध्ये हे फार दिसतं. तशी क्लिप आधी एका ठराविक फ्रेम रेटवर आणावी लागते, त्यानंतरच पुढचं सगळं.

कन्फॉर्म चालत नाही अशी जागाही आहे. एकच मैफल दोन कॅमेऱ्यांनी टिपली, एक २४ वर आणि दुसरा २५ वर, तर पहिला पळवल्यावर मिनिटाभरात तो दुसऱ्याच्या २.५ सेकंद पुढे जातो. तिथे मी स्थिर शॉट तसेच ठेवते, दोनदा आलेल्या फ्रेमसकट. ऑप्टिकल फ्लो वापरते तो फक्त हलत्या शॉटवर, आणि त्यातल्या वस्तूंच्या कडा एकेक फ्रेम करून तपासते.

(दृश्य: एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारते आहे.)

आता ६० वरून ३० वर. इथे आकडेमोड सोपी आहे, एक फ्रेम ठेवायची आणि एक सोडायची. फक्त फाइल ५९.९४ ची असेल तर टाइमलाइन २९.९७ ची घ्या, नेमकी ३० ची नको. नाहीतर दर सतरा सेकंदांच्या आसपास एक पाऊल अर्ध्यावर पडतं. एवढं सांभाळलं की पावलं अगदी सारखी पडतात. तरीही दोरी तुटक दिसते, ठिकठिकाणी गोठल्यासारखी. का?

कारण शटर. ६० फ्रेमला शटर १/१२० होतं. समजा दोरी ६० च्या दोन फ्रेममध्ये ६० पिक्सेल सरकते. शटर त्यातला अर्धाच वेळ उघडं असतं, म्हणून दोरीचा फराटा ३० पिक्सेलचा उमटतो. एक फ्रेम सोडल्यावर दोरीचं पाऊल १२० पिक्सेलचं झालं, फराटा मात्र ३० चाच राहिला. मधले ९० पिक्सेल रिकामे. डोळ्याला खुपते ती ही पोकळी.

जोडीच्या दोन फ्रेम मिसळल्या, तर ३० चा फराटा, ३० ची फट आणि पुन्हा ३० चा फराटा. म्हणजे एका दोरीच्या दोन दोऱ्या. संथ हालचालीत हे मिसळणं छान जमतं, दोरीसारख्या वेगात उघडं पडतं. भर उन्हात फोनने शटर १/१००० पर्यंत नेलं असेल, तर दोऱ्या तारेसारख्या बारीक आणि लखलखीत दिसतात. मग वरून कृत्रिम मोशन ब्लर चढवणं एवढंच हातात उरतं.

शेवटी ३० वरच द्यायचं आहे हे आधी ठाऊक असेल, तर ६० ला शटर १/६० ठेवा. जास्तीचा उजेड एनडी फिल्टरने अडवा. फराटा ६० पिक्सेलचा येतो, म्हणजे १२० च्या पावलाचा बरोबर अर्धा. ३० फ्रेमला १/६० च्या शटरवर थेट टिपलं असतं, तर एवढाच आला असता.

(दृश्य: तीच मुलगी, तोच वेग. दोरी डोक्यावरून पुसट कमान होऊन फिरते.)