तिजोरी रिकामी, तरी संघ जिंकणारा: करिअर मोडमध्ये पोरं कशी घडवायची?

नमस्कार मंडळी! आज थेट माझी सेव्ह फाइल उघडतोय. फुटबॉलचा व्हिडिओ गेम ईए स्पोर्ट्स एफसी 24, त्यातलं मॅनेजर करिअर, क्लब ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. इंग्लंडची चौथी पायरी, म्हणजे लीग टू. सुरुवातीचं बजेट एवढंच की दोन बरे स्ट्रायकर घेतले की खेळ खल्लास. आपल्यापैकी बरेच जण नेमकं तेच करतात. पहिल्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खरेदी-विक्रीच्या काळात, सगळा पैसा उडवतात आणि जानेवारीत हात चोळत बसतात.

आधी किमतीचं गणित बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गेममध्ये खेळाडूची किंमत सरळ रेषेत चढत नाही. सोळा-सतरा वर्षांचा, रेटिंग 55 चा पोरगा 62 वर गेला तर किंमत थोडीफार वाढते. तोच 68 वरून 72 वर गेला की आकडा एकदम उसळी घेतो, कारण वय कमी आणि पोटेन्शियल, म्हणजे पुढं गाठू शकेल ते रेटिंग, मोठं. म्हणून पोरगा रेटिंगच्या साठीत पोचण्याआधी आपल्याकडे आणायचा आणि सत्तरी ओलांडली की विकायचा विचार करायचा. खऱ्या फुटबॉलमध्ये ब्रायटननं हेच केलं. मॉइसेस कायसेडोला 2021 मध्ये साधारण 45 लाख पौंडांत आणलं आणि 2023 मध्ये चेल्सीला 10 कोटींहून जास्त घेऊन दिलं.

आता तो पोरगा वाढतो कशानं? मॅचमध्ये खेळून. पोटेन्शियल 88 दिसलं म्हणून तो 88 होईलच असं नाही. हा आकडा बदलता असतो. पोरगा सतत खेळला आणि चांगला खेळला तर वर सरकतो, बेंचवर सडला तर खाली येतो. इथंच गरीब क्लबचा फायदा आहे. लीग टूमध्ये लीगचेच 46 सामने, वर एफए कप, काराबाओ कप आणि ईएफएल ट्रॉफी. समोरचा विंगरसुद्धा 62-63 चा. 56 चा पोरगा इथं खपून जातो, मोठ्या क्लबात त्याला मैदानाचं गवतही दिसलं नसतं.

[स्क्रीनवर: यूथ स्काउटची यादी]

पोरं आणायची कुठून? मी पहिला पैसा स्काउटवर घातला. स्काउटला दोन गोष्टींचे स्टार असतात, अनुभव आणि पारख. अनुभव जास्त तर तो जास्त पोरं शोधतो, पारख जास्त तर चांगली पोरं शोधतो. पैसे मोजकेच असतील तर पारखीला द्या. पारख चार स्टार आणि अनुभव दोन स्टार असा माणूस मी घेतला आणि नऊ महिन्यांसाठी एकाच देशात पाठवला. दर महिन्याला रिपोर्ट येतो. त्यात पोटेन्शियल पट्ट्यात दिसतं, उदाहरणार्थ 66 ते 91, किंवा 77 ते 88. नवखा माणूस 91 बघून भाळतो. मी खालचा आकडा बघतो. 77 ते 88 वाला वाईटात वाईट निघाला तरी पोटेन्शियल 77 चं, 66 वाल्याचं काही सांगता येत नाही. आणि घाई करू नका. पोरावर लक्ष ठेवत राहिलात की हा पट्टा हळूहळू अरुंद होत जातो.

त्या पहिल्या फेरीतून मला एक सोळा वर्षांचा लेफ्ट विंगर मिळाला, रेटिंग 54. पळायला वारा, पण शूटिंग अगदीच कच्चं. विंगर तर अकादमीत ढिगानं मिळतात, म्हणून डेव्हलपमेंट प्लॅनमधून त्याला लेफ्ट बॅक करायला घेतलं. जागा बदलायला किती आठवडे लागतील ते तिथंच लिहिलेलं असतं. तोवर त्याला कपच्या मॅचमध्ये खेळवला.

आणि इथं मी एक चूक केली, ती नीट सांगतो. पोरं चांगली दिसली म्हणून एका शनिवारी सात पोरं एकदम उतरवली. साठाव्या मिनिटापर्यंत 1-0 नं पुढे. मग बघतो तर या लेफ्ट बॅकची दमाची पट्टी तळाला गेलेली. सोळा वर्षांच्या पोराचा स्टॅमिनाच तेवढा. समोरचा विंगर त्याच्या शेजारून चालत गेल्यासारखा गेला, मागं कट केला, गोल. दहा मिनिटांनी त्याच बाजूनं दुसरा. असे चार सामने हरलो, सगळ्यांचं मनोबल पडलं आणि बोर्डाचं लीगचं उद्दिष्ट लाल झालं.

तेव्हापासून माझ्या संघाचा कणा म्हाताऱ्यांचा असतो. गोलकीपर, एक सेंटर बॅक, एक स्ट्रायकर, तिघंही तिशी ओलांडलेले. तिशीनंतर किंमत झपाट्यानं पडते, आणि कुठल्याच क्लबशी करार नसलेला फ्री एजंट मिळाला तर फक्त पगार द्यायचा. त्यांच्याभोवती एका मॅचमध्ये तीन, फार तर चार पोरं. आणि पोराला साठाव्या मिनिटाला बदलायचंच, तो कितीही चांगला खेळत असला तरी.

[स्क्रीनवर: लेफ्ट बॅकचं प्रोफाइल, तीन सीझनचे आकडे]

हा बघा तोच पोरगा. पहिल्या सीझनअखेर 61, दुसऱ्या अखेर 67, तिसऱ्याच्या जानेवारीत 71. प्रोफाइलमध्ये आधी Showing great potential होतं, नंतर An exciting prospect झालं. ही ओळ बदलली की समजायचं, पोरगा बरोबर वाटेवर आहे. महिनोन् महिने रेटिंग हललं नाही तर पहिल्यांदा त्याची मिनिटं तपासा.

कराराबद्दल एक गोष्ट जपा. पोराला करार देताना भूमिका प्रॉस्पेक्ट ठेवा, म्हणजे पगारही कमी आणि खेळायला मिळण्याची अपेक्षाही कमी. पण एजंट रिलीज क्लॉज मागतो, म्हणजे ठरलेली रक्कम कुणी दिली की पोरगा सोडावाच लागतो, तिथं सांभाळा. दुसऱ्या एका मिडफिल्डरला मी घाईत छोटा क्लॉज मान्य केला. आठ महिन्यांनी एका मोठ्या क्लबनं तेवढेच पैसे टेबलावर ठेवले आणि नकार देण्याचा पर्यायच नव्हता. पगार थोडा वाढवावा लागला तरी चालेल, क्लॉज काढून टाका.

तसंच दुसऱ्या क्लबकडून पोरगा घेताना सेल-ऑनची टक्केवारी, म्हणजे पुढच्या विक्रीतला वाटा, दिली की आजची किंमत कमी होते. पुढं विकायचाच असेल तर हे महागात पडतं. आयुष्यभर ठेवायचा असेल तर खुशाल द्या.

लेफ्ट बॅक मी तिसऱ्या जानेवारीत विकला. साधारण 45 लाख पौंड आले. जीव तुटला, खरंच. पण अकादमीतला पुढचा लेफ्ट बॅक 67 वर आला होता, आणि जागा घेणारा तीन-चार पॉइंटच मागे असेल तरच विकायचं हे मी पाळतो. पर्याय तयार नसेल तर कितीही पैसे आले तरी नाही. त्या पैशातून 12 आणि 14 लाखांचे दोन सेंटर मिडफिल्डर आले, दोघेही अठराचे. उरलेला पैसा बजेटच्या स्लायडरनं पगाराकडे वळवला.

आणि त्याच महिन्यात एक फुकटचं कामही उरकलं. ज्यांच्या कराराचे शेवटचे सहा महिने उरलेत, त्यांच्याशी जानेवारीत थेट बोलता येतं, त्यांच्या क्लबला एक पौंडही न देता. सर्चमध्ये वय 21 च्या आत ठेवा आणि करार संपत आलेले खेळाडू चाळा. माझा आत्ताचा राइट बॅक असाच आला, जुलैमध्ये, फक्त पगारावर.