सेव्ह करा की पाठवा? सोयाबीनच्या दोन कॅरोसेलची शेवटची स्लाइड

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण शेतीची माहिती देणारी इन्स्टाग्राम खाती चालवतात. कुणी शेतकरी उत्पादक कंपनीचं, कुणी कृषी सेवा केंद्राचं, कुणी स्वतःच्या हौसेनं. त्यामुळे आज उदाहरण सोयाबीनचंच घेते आणि एकाच जागी थांबते, ती म्हणजे कॅरोसेलची शेवटची स्लाइड. तिथं ‘सेव्ह करा’ म्हणायचं की ‘पाठवा’ म्हणायचं, हे ठरवायचं कशावरून?

गेल्या वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांचा कल ‘पाठवा’कडे झुकलाय. त्याला कारणही आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये उघडपणे सांगितलं, की आपल्याला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोस्ट पोहोचवताना, ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला जास्त वजन असतं. हे ऐकल्यावर अनेकांनी सरसकट सगळ्या कॅरोसेलच्या शेवटी कागदी विमानाचं चिन्ह डकवायला सुरुवात केली. मला हे पटत नाही. नवे लोक जोडणं हा एखाद्या कॅरोसेलचा हेतू असू शकतो, पण प्रत्येकाचा तो नसतो. मे महिन्यात तुम्ही बियाण्याची उगवण चाचणी शिकवता, तेव्हा तुम्हाला हवं असतं ते एवढंच, की शेतकऱ्यानं पेरणीआधी चाचणी करावी. आकडा त्या हेतूच्या मागून यायला हवा.

हेतू ठरवताना मी दोन प्रश्न विचारते. सांगितलेलं काम करणार कोण? आणि ते करायचं कधी? काम वाचणाऱ्यानंच करायचं असेल आणि नंतर करायचं असेल, तर सेव्ह. काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल, किंवा ती गोष्ट त्याला आत्ताच कळायला हवी असेल, तर शेअर. ऐकायला सोपं वाटतं, पण सोयाबीनवर लावून बघितलं की यातली गुंतागुंत दिसते.

पहिलं कॅरोसेल उगवण चाचणीचं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं, मळणीत आणि पोत्यांच्या आदळआपटीत अंकुराला इजा होते, म्हणून घरचं बियाणं पेरण्याआधी तपासायचं असतं. पद्धत तुम्हाला माहीत आहे. पोत्यातून सरमिसळ करून शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं वापरायचं नाही.

आता बघा, हे वाचणारा माणूस आज रात्री अंथरुणावर पडून फोन बघतोय. गोणपाट भिजवणार उद्या किंवा परवा. मोजणी त्यानंतर आठवड्यानं. मोजणीच्या दिवशी त्याच्या हातात चौसष्ट कोंब येतात आणि तेव्हा त्याला तुमचा तक्ता लागतो. सत्तरला सहा कमी, म्हणजे तीन किलो जास्त, म्हणजे एकरी ३३ किलो. तो क्षण आणि तुमची पोस्ट यांच्यात दहा दिवसांचं अंतर आहे. हे अंतर भरून काढायचं काम सेव्हचं आहे, म्हणून इथली शेवटची स्लाइड सेव्हची.

पण सेव्हची स्लाइड म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी मला एक मोठा बुकमार्क आणि खाली ‘पोस्ट आवडली तर सेव्ह करा’ एवढंच दिसतं. आवडण्याचा सेव्हशी काही संबंध नाही. माणूस सेव्ह करतो ते पुढं लागेल म्हणून. तेव्हा कधी लागेल ते लिहा: ‘सातव्या दिवशी कोंब मोजाल तेव्हा हा तक्ता लागेल. आत्ताच सेव्ह करून ठेवा.’ आणि तो तक्ता त्याच स्लाइडवर द्या. सत्तरपासून साठपर्यंत टक्के, समोर एकरी किलो. वर ठळक अक्षरांत ‘सोयाबीन’ आणि ‘एकरी’. हे दोन शब्द विसरू नका, कारण कृषी विभागाच्या पत्रकांत बऱ्याचदा हेक्टरचा आकडा असतो आणि ७५ किलो हा हेक्टरचा आकडा कुणी एकराला धरला, तर बियाणं अडीचपट जाईल.

सेव्हच्या बाबतीत पहिल्या स्लाइडचाही संबंध येतो. सेव्ह केलेल्या पोस्ट जिथं साठतात, तिथल्या चौकटीत पहिलीच स्लाइड दिसते. तिच्यावर नुसतं ‘ही चूक करू नका!’ असं लिहिलं असेल, तर दहा दिवसांनी त्याला ती सापडणार कशी? सेव्हसाठी बनवलेल्या कॅरोसेलची पहिली स्लाइड नाव सांगणारी हवी: ‘सोयाबीन बियाणं: घरच्या घरी उगवण चाचणी’. उत्सुकता थोडी कमी चाळवली जाईल, ते मी चालवून घेते.

दुसरं कॅरोसेल जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. विषय एकच: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. पहिल्या सरीनंतर जमीन वरून ओली दिसते, पेरलं की दाणा उगवतो, मग पावसानं ओढ दिली की कोवळं रोप करपतं आणि दुबार पेरणी येते. यात जपून ठेवण्यासारखं फारसं काही नाही. शेजारच्यानं तिफण बाहेर काढली की माणूस दोन दिवसांत पेरून मोकळा होतो. सेव्ह करून ठेवलेला सल्ला त्या दोन दिवसांत उघडलाच गेला नाही, तर उपयोग शून्य. इथं बातमी त्या घरात आज पोचली पाहिजे. म्हणून शेअर.

शेअरच्या स्लाइडवर ‘मित्रांना शेअर करा’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कुणीच येत नाही. माणसाचं नातं लिहा. ‘गावी पेरणीची तयारी चालली असेल, तर बाबांना, काकांना आजच पाठवा.’ हे वाचताना पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला एक ठरावीक चेहरा दिसतो आणि बोट पुढं जातं. चिन्हाकडे बाण काढायचा मोह मात्र आवरा. २०२५ मध्ये रीपोस्टचं बटण आलं आणि खालच्या चिन्हांच्या ओळीत आणखी एक भर पडली, त्यामुळे आधीच्या कितीतरी स्लाइडवरचे बाण आता चुकीच्या जागी रोखलेले दिसतात. ‘कागदी विमान’ असं लिहिलं की पुरतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. ही मुलगी बाबांना इन्स्टाग्रामवर पाठवणार नाही, कारण बाबा व्हॉट्सॲपवर आहेत. ती एकतर लिंक पाठवेल, किंवा, आणि माझ्या पाहण्यात हेच जास्त होतं, शेवटच्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून पाठवेल. म्हणजे बाबांच्या हातात तुमच्या पाच स्लाइडपैकी एकच पडणार. ती एकटी उभी राहिली पाहिजे. पिकाचं नाव, पावसाचा आकडा, एका वाक्यात कारण, तुमच्या खात्याचं नाव आणि हंगामाचं वर्ष, एवढं सगळं त्या एका चौकटीत हवं. वर्ष नसलं की तोच स्क्रीनशॉट पुढच्या हंगामात भलत्याच वेळी गटागटांत फिरू लागतो. मजकूर मोठ्या अक्षरांत हवा, कारण तो चष्मा शोधत वाचला जाणार आहे.

आता ती गुंतागुंत. उगवण चाचणीचं कॅरोसेल सेव्हचं, असं मी आत्ताच सांगितलं. पण तुमच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते उघडून बघा. तिथं लातूर, वाशीम, हिंगोली दिसत असेल तर माझं म्हणणं तसंच लागू. पुणे, मुंबई, ठाणे वर दिसत असेल, तर वाचणारा आणि गोणपाट भिजवणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं आहेत. पुण्यातला मुलगा चाचणी सेव्ह करून काय करणार? तिथं त्याच मजकुराची शेवटची स्लाइड शेअरची करावी लागते, आणि तिच्यावर चाचणीच्या पायऱ्या आणि तक्ता दोन्ही आटोपशीर बसवावे लागतात. मजकूर तोच, पद्धत तीच, फक्त काम करणारा बदलला म्हणून शेवट बदलला.

‘मग दोन्ही लिहू या की!’ असं कुणीतरी नेहमी म्हणतं. सेव्ह करा, शेअर करा, फॉलो करा, कमेंटमध्ये सांगा. शेवटच्या स्लाइडपर्यंत मुळात थोडेच लोक येतात. आलेल्याला चार कामं सांगितली की तो एकही न करता पुढं सरकतो. दुसरी विनंती करायचीच असेल तर ती कॅप्शनच्या शेवटी घाला. स्लाइडवर एकच.

जमलं की नाही हे कळणार कसं? लाइक बाजूला ठेवा. सेव्हच्या कॅरोसेलला सेव्ह भागिले रीच, शेअरच्या कॅरोसेलला शेअर भागिले रीच. समजा चाचणीची पोस्ट ४,००० खात्यांपर्यंत गेली आणि १६० जणांनी सेव्ह केली, तर ते चार टक्के झाले. हे चार टक्के चांगले की वाईट, ते तुमच्याच आधीच्या अशा पोस्टशी ताडून बघा, दुसऱ्याच्या खात्याशी नको. शेअरच्या पोस्टला फॉलो न करणाऱ्यांपर्यंतचा रीच किती, हेही बघा. पावसाच्या पोस्टला सेव्ह भरपूर आणि शेअर नगण्य आले, तर समजा की लोकांना ती सवडीनं वाचायची माहिती वाटली. तेव्हा शब्द बदला, तातडी दिसू द्या.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. स्क्रीनशॉट मोजला जात नाही, म्हणून गावाकडं फिरलेली पोस्ट इनसाइट्समध्ये लहानच दिसते. कुणी सेव्ह केलं ते कळत नाही, आणि सेव्ह केलेलं पुन्हा उघडलं का हेही नाही. मी त्यावर एक साधा उपाय करते. चाचणीच्या पोस्टनंतर सातव्या दिवशी स्टोरीत विचारते: ‘शंभरपैकी किती उगवले?’ जे आकडा कळवतात, त्यांनी चाचणी खरंच केलेली असते. त्यातले काही जण एक्कावन्न-बावन्न कळवतात आणि पुढं काय करू असं विचारतात. त्यांना त्याच संध्याकाळी उत्तर द्यावं लागतं, कारण दुसरं बियाणं शोधायला त्यांच्याकडे थोडेच दिवस उरलेले असतात.

शेवटी एक कामाची सोय. पोस्ट टाकल्यावरही संपादनात जाऊन कॅरोसेलमधली एखादी स्लाइड काढून टाकता येते, बाकीचं कॅरोसेल, त्याचे सेव्ह आणि कमेंट जागेवर राहतात. काढलेली स्लाइड तीस दिवसांपर्यंत परतही आणता येते. म्हणून वर्ष आणि ‘आजच पाठवा’ असलेली स्लाइड नेहमी वेगळी ठेवा, तिच्यात दुसरा कायमचा मजकूर मिसळू नका. पेरण्या आटोपल्या की तेवढी एक काढायची. पाऊस मोजण्याची आणि ओल तपासण्याची माहिती मागं राहते, ती पुढच्या जूनमध्येही कुणाला तरी लागते.