थेंब टाकला, लाली गेली. मग परत का आली?

[पहाट. ठाण्यातला रिक्षा स्टँड. हँडलजवळच्या कप्प्यात चिल्लर, किल्ली आणि एक छोटी पांढरी बाटली.]

पहिलं भाडं मिळायच्या आधी काका आरशात बघतात आणि मान मागे टाकतात. दोन थेंब डावीकडे, दोन उजवीकडे. चहा संपेपर्यंत डोळे स्वच्छ पांढरे. ते म्हणतात, "लाल डोळ्यांचा रिक्षावाला बघितला की लोकांना वाटतं, ह्याने घेतलीय. मागच्या रिक्षात जाऊन बसतात."

बाटलीची सुरुवात इथूनच झाली. मेडिकलमध्ये जाऊन "डोळे लाल होतात, काहीतरी द्या" म्हटलं, आणि ही मिळाली. सुरुवातीला आठवड्यातून एखादा दिवस. मग रोज सकाळी. मग दुपारच्या पाळीआधी. आठ महिन्यांनी हिशेब दिवसाला पाच वेळांवर आला होता, आणि डोळे पूर्वीपेक्षा जास्त लाल.

[बाटलीच्या लेबलचा क्लोज-अप. बारीक अक्षरं.]

अशा बाटलीत बहुतेक वेळा नॅफॅझोलिन असतं, कधी टेट्राहायड्रोझोलिन. नाव वेगळं, काम एकच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पारदर्शक आवरण असतं आणि त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. वारा, धूळ, जागरण, जंतू, काहीही त्रास झाला की या वाहिन्या फुलतात, जास्त रक्त आणतात. तीच आपल्याला दिसणारी लाली. औषध या वाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू आवळतं. वाहिनी बारीक होते, रक्त कमी येतं, डोळा पांढरा दिसतो. धूळ तिथेच, कोरडेपणा तिथेच, जंतू असतील तर तेही तिथेच.

काही तासांनी औषध उतरतं आणि वाहिन्या पुन्हा सैल पडतात. एखाद्या दिवशी लग्नाच्या फोटोपुरते थेंब टाकले तर गोष्ट इथेच संपते. रोजच्या वापरात मात्र दोन गोष्टी घडतात, असं नेत्रतज्ज्ञ मानतात. स्नायू औषधाला सरावतो, त्यामुळे पूर्वी सहा तास टिकणारा परिणाम दोन तासांत ओसरतो. शिवाय आवळलेल्या वाहिनीतून रक्त कमी पोचल्यामुळे उपाशी राहिलेला तो भाग, औषध उतरताच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुलवून घेतो. ही उलटून आलेली लाली. माणसाला वाटतं, आपला आजार वाढला, आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १९९७ साली अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या बऱ्याच जणांनी हे थेंब वर्षानुवर्षं रोज वापरले होते. थेंब थांबवल्यावर डोळे पूर्ववत व्हायला सरासरी चारेक आठवडे लागले, काहींना कितीतरी जास्त. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर सूचनाच छापलेली असते की लाली ७२ तासांपेक्षा जास्त राहिली तर थेंब थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. ती अक्षरं वाचायला मात्र डोळे चांगले लागतात!

[नेत्रचिकित्सालय. काकांची हनुवटी यंत्रावर टेकलेली.]

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता: "कोणते थेंब टाकता? बाटली आणलीय का?" काकांनी ती खिशातून काढली, जरा लाजतच.

नंबर तपासला, दाब मोजला. मग डोळ्याला एक नारिंगी पट्टी टेकवली आणि निळा प्रकाश टाकला. अश्रूंचा थर हिरवट चमकला आणि पापणी पुन्हा मिटायच्या आत जागोजागी फाटला. म्हणजे मूळ त्रास कोरडेपणाचा होता. उघड्या रिक्षात दिवसभर तोंडावर वारा, समोरच्या गाडीचा धूर, आणि रस्त्यावर नजर रोखल्यामुळे पापण्या कमी मिटायच्या. त्यात बाटली टिकावी म्हणून घातलेलं संरक्षक रसायन दिवसातून पाच वेळा डोळ्यात जात होतं. कोरड्या डोळ्याला तेही झोंबतं.

उपाय साधा होता, पण सोपा नव्हता. जुनी बाटली बंद. त्याऐवजी संरक्षक नसलेले कृत्रिम अश्रू, थंड पाण्याच्या घड्या, आणि रिक्षा चालवताना साधा बंद कडांचा चष्मा. डॉक्टरांनी आधीच बजावलं, "पहिले काही दिवस डोळे भडक दिसतील. घाबरून परत तेच टाकू नका." तिसऱ्या दिवशी काकांनी गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे म्हणत काळा गॉगल लावला.

[पडद्यावर दोन लाल डोळे, शेजारी शेजारी.]

हे दोन्ही डोळे सारखेच दिसतात. उजवीकडचा मात्र वेगळा. हा सांगलीकडच्या शेतकऱ्याचा आहे असं समजा. ऊस तोडताना पातं डोळ्याला लागलं. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, उजेडाकडे बघवत नाही, दुखतंय, आणि बुबुळावर पांढुरका ठिपका. अशा वेळी लाली घालवणारे थेंब टाकले तर आजार लपतो आणि दिवस वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून स्टेरॉइड असलेले थेंब आणून टाकणं. पात्याबरोबर बुरशी आत गेली असेल तर स्टेरॉइड तिला रानच मोकळं करून देतं. मग डोळ्यात फूल पडतं, नजर जाते.

म्हणून लाली किती आहे यापेक्षा तिच्यासोबत काय आलंय ते बघायचं. दुखतंय का? उजेड सहन होत नाही का? अंधुक दिसतंय का? एक जरी "हो" असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने लेन्स काढून लगेच जावं, दुखत नसलं तरी. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर तो अचानक वाढलेला दाब असू शकतो, म्हणजे काचबिंदूचा झटका. तिथे तास मोजायचे. ज्यांच्या डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर पडायची वाट मुळातच अरुंद आहे, त्यांना हे लाली घालवणारे थेंबच तो झटका आणू शकतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या डोळ्यात फुटली, तर आधी नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग पळायचं.

आणि ही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. एक-दोन मिलिलिटर पोटात गेले तरी लहान मूल गुंगीत जाऊन श्वास मंदावू शकतो.

[पुन्हा तपासणीचं यंत्र.]

गंमत अशी की याच जातीचं औषध डॉक्टर तपासणीसाठी वापरतात. फेनिलेफ्रिनचा एक थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबतात. लाली विरली तर ती बहुतेक वरवरच्या वाहिन्यांची. खोलवरची जांभळट लाली तशीच राहिली, आणि रात्री झोपमोड करणारी ठणक असेल, तर डोळ्याच्या पांढऱ्या कवचालाच सूज असण्याची शंका येते. अशा रुग्णांत संधिवातही शोधावा लागतो.

[रिक्षा स्टँड. संध्याकाळ.]

पाच आठवडे झाले. घोडबंदर रोडच्या दोन फेऱ्या मारून आलं की काकांचे डोळे अजूनही जरा लालसर होतात. रात्री थंड घडी ठेवली की सकाळी साफ. कप्प्यात आता चिल्लर, किल्ली आणि चष्म्याचा डबा. सकाळी आरशात बघायची सवय तेवढी सुटलेली नाही.