कटवरची एक काळी फ्रेम

(पडद्यावर: गोदाघाटावरची संध्याकाळची आरती. कॅमेरा रामकुंडावरून पंचवटीच्या गल्लीत जातो. कटवर चित्र क्षणभर लवतं.)

पाहिलंत? घाट संपला, गल्ली सुरू झाली, आणि मधे पडद्याची पापणी लवली. ती एक काळी फ्रेम आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तिचं आयुष्य ०.०४ सेकंद.

नाशिकच्या या एडिटिंग रूममध्ये बारा मिनिटांची ही फिल्म टाइमलाइनवर कितीतरी वेळा चालवून झाली होती. तेव्हा कोणालाच काही खटकलं नाही. भारी फुटेज चालवताना संगणक दमला की प्लेबॅक मधल्या फ्रेम गाळत पुढे जातो, आणि नेमकी तीच फ्रेम गळली तर दिसणार कशी? रेंडरमध्ये मात्र एकही फ्रेम गळत नाही.

म्हणून शोधही रेंडर झालेल्या फाइलीतच घ्यायचा. `ffmpeg` या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये त्यासाठी `blackdetect` नावाचा फिल्टर आहे.

```
ffmpeg -i aarti.mp4 -vf blackdetect=d=0.03:pix_th=0.10 -an -f null -
```

यातला `d`, म्हणजे काळोख किमान किती सेकंदांचा हवा तो आकडा, फार महत्त्वाचा. तो दिला नाही, तर हा फिल्टर दोन सेकंदांपेक्षा कमी काळोखाची दखलच घेत नाही, आणि सगळं ठीक आहे असं समजून आपण फाइल पाठवून देतो. इथे ०.०३ दिल्यावर ही ओळ आली:

```
black_start:252.32 black_end:252.36 black_duration:0.04
```

२५२ सेकंद म्हणजे ४ मिनिटं १२ सेकंद. उरलेल्या ०.३२ ला २५ ने गुणलं की ८. म्हणजे काळी फ्रेम ०४:१२:०८ वर. टाइमलाइन एक तासापासून सुरू होत असेल, तर तिथे ०१:०४:१२:०८ शोधायचं.

आणखीही काही ओळी आल्या. अंधारलेला घाट, लांब एखादाच दिवा. असे शॉटही या फिल्टरला काळेच वाटतात. पण त्यांचा कालावधी सेकंद-दीड सेकंदाचा असतो, त्यामुळे ते लगेच बाजूला काढता येतात. अडचण होते ती काळी फ्रेम अशा अंधाऱ्या शॉटला चिकटून असेल तेव्हा. दोन्ही मिळून एकच लांब नोंद येते आणि फ्रेम तिच्यात लपते. मग `pix_th`, म्हणजे पिक्सेल किती गडद असला की काळा धरायचा ती मर्यादा, ०.०२ करून पुन्हा चालवायचं. रात्रीच्या फुटेजमध्ये थोडा का होईना दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, असतो, तो सहसा या मर्यादेच्या वर राहतो. रिकाम्या फ्रेममध्ये दाणा नसतोच.

(पडद्यावर: टाइमलाइन पूर्ण झूम. दोन क्लिपमध्ये एका फ्रेमची फट.)

ही बघा फट. एवढं झूम केल्याशिवाय ती दिसत नाही. इथे हात लगेच डिलीटकडे जातो, पण थांबा. फट डिलीट केली की पुढचं चित्र एक फ्रेम अलीकडे सरकतं, आणि आरतीच्या आवाजाचा ट्रॅक लॉक असेल तर तो जागेवरच राहतो. एका फटीने कळणार नाही. अशा पाच फटी बुजवल्या, तर घंटेवर टोला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. त्यापेक्षा आधीच्या क्लिपचं शेपूट एक फ्रेमने वाढवावं. बाकी काहीच हलत नाही.

आणि इथेच दुसरा दोष शिरला. घाटाची ती क्लिप कोणीतरी आधीच जोडून पाठवलेल्या व्हिडिओतून कापलेली होती. शेपूट वाढवताच त्या व्हिडिओतल्या पुढच्या शॉटची पहिली फ्रेम आत आली: फुलांची टोपली, ०.०४ सेकंद. काळी फ्रेम गेली, तिच्या जागी फ्लॅश आला.

हा फ्लॅश `blackdetect` ला सापडत नाही. दृश्य किती बदललं ते मोजणारा `ffmpeg` चा `scene` गुणांकही इथे फसतो, कारण तो आताचा बदल आधीच्या बदलाशी ताडून बघतो. घाटावरून टोपलीवर मोठा बदल, टोपलीवरून गल्लीवरही तेवढाच मोठा. त्यामुळे दुसऱ्याला गुण कमी पडतात आणि बहुधा एकच, साधा कट नोंदला जातो. टाइमलाइनवर आखूड क्लिप शोधूनही उपयोग नाही, कारण टोपली क्लिपच्या पोटात आहे.

मग डोळ्यांनीच बघायचं. खालच्या बाणाने कटवर जायचं, डाव्या बाणाने एकेक करत दोन फ्रेम मागे, मग तशाच पुढे. आधी जोडलेल्या व्हिडिओतून आलेल्या प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना हे करायलाच हवं. इथे क्लिपचं शेपूट पुन्हा एक फ्रेम आखूड केलं, आणि गल्लीच्या शॉटला सुरुवातीला शिल्लक फुटेज होतं, त्याने ती जागा भरली.

टाइमलाइनवर फट नाही, फ्लॅश नाही, तरी रेंडरमध्ये काळी फ्रेम येते, असंही होतं. तेव्हा आधी रेंडर कॅशे पुसून नव्याने रेंडर करावं. तरीही ती राहिली, तर कटच्या दोन्ही बाजूंना मोबाइलची क्लिप आहे का ते बघावं. मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतो. ती क्लिप स्थिर २५ वर बदलून पुन्हा टाइमलाइनवर लावावी.

दुरुस्तीनंतरच्या नव्या फाइलीवर तीच कमांड पुन्हा चालवली. अंधाऱ्या घाटाच्या लांब ओळी आल्या, ०.०४ ची एकही नाही.