कपाटातली कसर: कडुनिंब, कापूर आणि पुड्या नेमकं काय करतात?

नमस्कार. हे बघा, या पुस्तकाच्या कण्याजवळ कागद खरवडल्यासारखा झालाय. आरपार भोक नाही, वरचा थर तेवढा गेलाय. ही कसर. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या.

हे पुस्तक आलंय पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून. लाकडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं आणि त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. कप्प्यांमध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली, पुस्तकांना खळीनं चिकटवलेली कव्हरं. तिथल्या काकूंनी कडुनिंबाचा ताजा पाला, कापूर आणि डांबर गोळ्या असं सगळंच ठेवलं होतं. तरी कसर मजेत होती!

कारण कसरीला पिष्ट आवडतं, म्हणजे खळ, बांधणीचा गोंद, स्टार्चची साडी. आणि पिष्टाहून जास्त तिला दमट हवा लागते. नाशिकच्या पावसाळ्यात ती हवा बंद कपाटात आयती मिळते, न्हाणीघराची भिंत असेल तर बाराही महिने. शिवाय हा किडा खाण्यावाचून कित्येक महिने काढतो आणि काही वर्षं जगतो.

म्हणून आधी कपाट रिकामं करायचं, कोरड्या दिवशी. वर्तमानपत्रं काढून टाका, ती तिची लपायची जागाही आणि जेवणही. कोपरे आणि फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमनं किंवा ब्रशनं साफ करा, अंडी तिथेच असतात. पुस्तकं सावलीत, पंख्याखाली उभी उघडून ठेवा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि पुस्तकं परत लावताना ठासून भरू नका.

आता कडुनिंब. काकूंनी ठेवला होता तसा ताजा पाला ठेवू नका, त्यातलं पाणी कपाटातच उतरतं. सावलीत कुरकुरीत वाळवा, मलमलच्या पुरचुंडीत बांधा. चुरा पुस्तकात पडला की तोही किड्यांचं खाद्य होतो. कडुनिंबातलं कीडरोधक द्रव्य मुख्यतः बियांमध्ये असतं, पानांत कमी. आणि ते किड्याच्या पोटात गेलं तर काम करतं. कसर पानं सोडून तुमची खळ खाणार. त्यामुळे माझ्या मते पाला ठेवलात तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कापूर जास्त कामाचा, कारण त्याची वाफ होते. पण बंद दाराच्या कपाटातच. उघड्या शेल्फवर वास खोलीभर जातो आणि उपयोग शून्य. वरच्या कप्प्यात तीन-चार वड्या पुरचुंडीत टांगा, पुस्तकाला टेकू देऊ नका. पंधरा दिवसांनी हात लावून बघा, पुरचुंडी रिकामी लागली की नव्या वड्या. कापूर कसरीला दूर ठेवतो, अंडी मारत नाही. लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

आणि कापूर व डांबर गोळ्या एकत्र? नको. दोन्ही एकमेकांना टेकल्या की मिश्रण साधारण ३२-३३ अंशांनाच वितळतं. नाशिकचा एप्रिल आठवा! काकूंच्या एका कव्हरवर तेलकट डाग पडला होता, तो याचाच. शिवाय डांबर गोळ्यांची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते, विशेषतः ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना. बाळाचे कपडे आहेत त्या कपाटात त्या नकोतच.

बाजारातल्या पुड्या घेताना मागची बाजू वाचा. काहींत नुसता सुगंध असतो. काहींत सिलिका जेल, जे ओल शोषतं. म्हणजे कसरीच्या मुळावरच घाव. पण बुटाच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी दोन ग्रॅमही पाणी धरत नाही. रोज उघडणाऱ्या कपाटाला ती चिमूटभरच. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे भरलेत ते कळतं.

कसर उरली का, हे कसं कळणार? काचेची गुळगुळीत बरणी घ्या, बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा, आत चमचाभर गव्हाचं पीठ टाका. रात्री कपाटात ठेवा. पट्टीवरून ती चढते, आत पडली की काचेवरून वर येता येत नाही. काही रात्री सलग रिकामी राहिली तर ठीक. सापडली तर पुन्हा ओल शोधा.

जी पुस्तकं आधीच पोखरलीत, त्यांना ना कापूर वाचवेल ना पाला. ती पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरेल आणि पुस्तक ओलं होईल.