दीड महिन्याची सुई

(दृश्य: उत्तर नागपुरातली अंगणवाडी. सतरंजीवर बसलेल्या आया. टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरिअर.)

आज लसीकरणाचा दिवस. या खुर्चीवरच्या आईचं बाळ दीड महिन्याचं आहे, वजन साडेचार किलो. पोलिओचे आणि जुलाबाविरुद्धच्या रोटा लसीचे थेंब तोंडातून देऊन झालेत. आता तीन सुया राहिल्या. उजव्या दंडाला पोलिओची छोटीशी, उजव्या मांडीत न्यूमोनियाची म्हणजे पीसीव्ही, आणि डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस.

सिस्टर बाळाला टेबलावर झोपवत नाहीत. पाठीवर दाबून धरलं की बाळ सुई लागण्याआधीच घाबरतं आणि अंग ताठ करतं. ताठ स्नायूत सुई जास्त दुखते. म्हणून त्या आईला म्हणतात, "ताई, उजव्या बाजूला पाजायला घ्या. चांगलं ओढायला लागू द्या, मग मी येते."

(दृश्य: आईच्या कुशीतलं बाळ, जवळून.)

उजव्याच बाजूला का, ते नीट पाहा. बाळ आईकडे तोंड करून उजव्या स्तनाला लागलं, की त्याची डावी कूस खाली जाते आणि उजवा दंड नि उजवी मांडी आपोआप वर, सिस्टरच्या समोर येते. खालचा हात आईच्या काखेखालून पाठीकडे गेलाय. वरचा हात आईच्या मुठीत आहे आणि दुसऱ्या हाताने तिने गुडघा धरलाय. धरलाय म्हणजे आवळला नाही, पाय झटकता येऊ नये एवढंच. डाव्या मांडीच्या वेळी बाळ फक्त डाव्या बाजूला पाजायला घ्यायचं. अंगावरचं दूध, आईची ऊब आणि चोखणं, तिन्ही मिळून दुखणं खरंच कमी करतात. दूध ठसक्यात जाईल अशी भीती पुष्कळ आयांना वाटते, पण बाळ नीट लागलेलं असेल तर तसं होत नाही.

(दृश्य: सिस्टरची बोटं मांडीवर.)

आता जागा. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीचे मनातल्या मनात तीन भाग करायचे. सुई मधल्या भागात, समोरून थोडी बाहेरच्या अंगाला. या वयात इथला स्नायू भरलेला असतो आणि जवळ मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते. कुल्ल्यावर या लसी देत नाहीत, कारण तिथे चरबी जास्त आणि पायाकडे जाणारी मोठी नस जवळ.

सुई इंचभर लांब आहे. ती पाहून आईचे डोळे मोठे होतात. पण आखूड किंवा तिरकी सुई चरबीतच थांबली, तर लस तिथेच राहते आणि लाली-सूज उलट वाढते. म्हणून कातडी ताणून सरळ नव्वद अंशात सुई आत, अर्धा मिलि लस, आणि सुई बाहेर. मध्ये दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघायचं नाही. या जागी त्याची गरज नाही, आणि सुई जितका वेळ आत तितकं दुखणं जास्त.

बाळ किंचाळलं. मिनिटभराने पुन्हा दुधाला लागलं.

शेजारी बसलेली आजी हात पुढे करते. "थोडं चोळून देऊ का जी?"

"नाही आजी. चोळलं की जास्त सुजते. कापूस फक्त धरून ठेवा."

(दृश्य: सगळे अर्धा तास थांबलेले.)

रात्री पेंटाची मांडी दुखू शकते, तापही येऊ शकतो. गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मांडीवर ठेवायचं. शेक, हळद, तेल काही नको. बाळाला गुंडाळून ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर नकोच.

पॅरासिटामॉल ताप येण्याआधीच देऊन ठेवू नका. ताप आला किंवा बाळ कळवळत असेल तरच, किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने. साडेचार किलोच्या या बाळाला साधारण पन्नास. पाच मिलित 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते दोन मिलि होतात. ड्रॉप्सच्या बाटलीत मात्र एका मिलितच 100 मिलिग्रॅम असतं. तेच दोन मिलि ड्रॉप्समधून गेले, तर औषध चौपट जातं. म्हणून घरची बाटली सिस्टरला दाखवून, किती मिलि ते तिच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या. दोन डोसांत सहा तास जाऊ द्या.

सुईच्या जागी वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहू शकते. दुखत नसेल तर तिला हात लावू नका. पण बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, झटका आला, अंग ढिलं किंवा पांढरं पडलं, दूध सोडलं, ताप दोन दिवसांनंतरही राहिला किंवा लाली पसरत गेली, तर थेट दवाखान्यात जायचं.

सिस्टर कार्डावर पुढची तारीख लिहितात. दहाव्या आठवड्याला थेंब असतील, आणि सुई एकच, पेंटाची, डाव्या मांडीत.