टोपली हलवायची कधी आणि का? एअर फ्रायरमधल्या फ्राइजची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

एअर फ्रायर घरात आला की पहिल्याच आठवड्यात त्यात गोठवलेल्या बटाट्याच्या फ्राइज पडतात. आणि बऱ्याच घरांत पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: वरच्या करपल्या, खालच्या पांढऱ्या आणि लिबलिबीत, आणि पाकिटावर लिहिलेले तापमान-मिनिटांचे आकडे खोटे. आकडे खोटे नसतात. ते ज्या गृहीतावर लिहिलेले असतात, ते गृहीत आपण पाकीट ओततानाच मोडलेलं असतं. आज तेवढ्याचबद्दल बोलू.

आधी पाकिटात काय आहे ते पाहू. ते कच्चे बटाटे नाहीत. कारखान्यात बटाटा सोलून, कापून गरम पाण्यातून काढतात. त्यात पृष्ठभागावरची जास्तीची साखर निघून जाते आणि रंग एकसारखा येतो. मग तुकडे कोरडे करून थोडा वेळ तेलात अर्धवट तळतात आणि लगेच गोठवतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच फ्राइजचा बटाटा उत्तर गुजरातेतल्या मेहसाणा, बनासकांठा या भागातला असतो, आणि तो भाजीच्या बटाट्यापेक्षा वेगळ्या वाणाचा असतो. त्यात पाणी कमी आणि पिठूळपणा जास्त. तरीही पाकिटातल्या फ्राइजच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाणीच असतं. म्हणजे तेल आधीच लागलेलं आहे, बटाटा जवळपास शिजलेला आहे. आपल्या यंत्राचं मुख्य काम उरतं ते पाणी घालवण्याचं.

दहावीच्या विज्ञानातली अप्रकट उष्मा आठवते का? एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. आता ३०० ग्रॅम फ्राइज घ्या. त्यात साधारण २०० ग्रॅम पाणी, बर्फाच्या रूपात. ते सगळं वितळवायला १६,००० कॅलरी. फ्राइज कुरकुरीत व्हायला त्यांच्या वजनाचा साधारण पाव भाग, म्हणजे ७५ ग्रॅम पाणी उडावं लागतं. त्याला लागतात ४०,५०० कॅलरी. वितळण्याच्या दुपटीहून जास्त! जोवर तुकड्याच्या पृष्ठभागावर ओल आहे, तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही, मग यंत्रावर तुम्ही २०० लावलेले असोत. ओल गेली की मगच पृष्ठभाग तापतो, सोनेरी होतो, कवच धरतो. पहिली पाच-सहा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटतं, त्याचं कारण हे.

आता ही उडालेली वाफ जाते कुठे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. खणासारख्या बाहेर ओढायच्या बहुतेक एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल वर असते आणि तिच्याही वर पंखा. पंखा गरम हवा टोपलीच्या कडेने खाली ढकलतो आणि ती तळाच्या जाळीतून, फ्राइजच्या फटींतून परत वर ओढली जाते. हवा गरम करते आणि वाफही बाहेर नेते, अशी तिची दोन कामं. पण हवा आळशी आहे, जिथे अडथळा कमी तिथून जाते. फ्राइजचा ढीग असेल तर ती कडेने निसटते आणि ढिगाच्या पोटात शिरतच नाही. तिथली वाफ तिथेच कोंडते, शेजारच्या थंड तुकड्यावर पुन्हा पाणी होऊन बसते. गरम भजी डब्यात घालून झाकण लावलं की जे होतं, तेच इथे यंत्र चालू असताना होत असतं. वरच्या थराला मात्र कॉइलची धग थेट मिळते, त्यामुळे तो आधी तपकिरी होतो. करपलेलं आणि ओलं एकाच टोपलीत कसं सापडतं, ते आता लक्षात आलं असेल.

टोपली हलवली की ढिगाच्या पोटातली वाफ सुटते. एकमेकांना किंवा जाळीला चिकटून बसलेल्या बाजू उघड्या पडतात. आणि खालचे तुकडे वर, धगीकडे येतात. नुसतं इकडून तिकडे सरकवून हे होत नाही. सुपात धान्य पाखडतो तसा हलका झटका हवा, म्हणजे तुकडे उलटेपालटे होतात. झटका जमत नसेल तर लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने खालून वर करा. धातूचा चमचा नको, टोपलीचा लेप खरवडला जातो. आणि एक सूचना जरा मोठ्याने: ज्या यंत्रांत टोपली बाहेरच्या भांड्यात बसवलेली असते आणि मुठीवर तिला सोडवण्याचं बटण असतं, तिथे हलवताना त्या बटणाला हात लावू नका. भांडं सुटून पायावर पडतं, गरमागरम.

चला, एक प्रत्यक्ष घाणा काढू. चार लिटरची टोपली, साधारण १४०० वॅटचं यंत्र, नेहमीच्या जाडीच्या म्हणजे ९-१० मिलिमीटरच्या फ्राइज, ३०० ग्रॅम. एवढ्याने टोपली निम्म्यापेक्षा कमी भरते. तीच मर्यादा समजा. यंत्र २०० अंशांवर तीन मिनिटं रिकामं तापू द्या. फ्राइज फ्रीझरमधून थेट टोपलीत. बाहेर काढून ‘जरा मऊ होऊ दे’ म्हणू नका. वितळल्या की पाणी पृष्ठभागावर येतं, तुकडे लुळे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि हलवताना मोडतात. वरून तेलही नको, कारखान्यातलं पुरतं.

सहा मिनिटांनी पहिल्यांदा हलवा. त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा पृष्ठभाग ओला आणि नाजूक असतो. टोपली ओढल्यावर वाफेचा लोट तोंडावर आला तर घाबरू नका, तो बाहेर यायलाच हवा होता. या वेळी फ्राइज फिकट आणि मऊच दिसतील. पुन्हा आत, पाच मिनिटं. दुसऱ्यांदा हलवताना आवाज ऐका: पहिल्या वेळी धपधप वाजलेल्या फ्राइज आता जाळीवर खडखडतात. माझ्या मते रंगापेक्षा हा आवाज जास्त भरवशाचा आहे. मग शेवटची तीन ते चार मिनिटं, आणि यात मात्र जागचं हलू नका. पाणी उडून गेल्यावर तापमान झपाट्याने चढतं. सोनेरी आणि तपकिरी यांत मिनिटाचंच अंतर उरतं. एकूण चौदा-पंधरा मिनिटं. सहा-सात मिलिमीटरच्या बारीक फ्राइजना दहा ते बारा पुरतात आणि त्यांना मधे एकदा हलवलं तरी भागतं. जाड, सालीसकट फाकींना १९० अंशांवर अठरा-वीस मिनिटं द्या.

बहुतेक यंत्रांत टोपली ओढली की कॉइल आपोआप बंद होते, त्यामुळे हलवायला उष्णता वाया जाईल ही भीती धरू नका. फक्त फिरवायच्या जुन्या टायमरचं यंत्र असेल, तर टोपली बाहेर असतानाही काटा पळत राहतो. तेवढी सेकंदं शेवटी जोडून घ्या.

घरात आठ माणसं आहेत आणि एकाच घाण्यात ६०० ग्रॅम टाकायच्या आहेत, असं कोणी विचारेल. टाका, पण वेळ पंचवीस मिनिटांकडे जाईल, हलवावं लागेल दर पाच मिनिटांनी, आणि तरी एकसारख्या होणार नाहीत. दोन घाणे काढलेले बरे. दुसऱ्या घाण्याला यंत्र चांगलं तापलेलं असतं, त्यामुळे एक-दोन मिनिटं आधीच डोकावून बघा. दोन्ही झाल्यावर पहिल्या घाण्याच्या फ्राइज वरून टाकून दोन मिनिटं एकत्र फिरवा, सगळ्या गरम मिळतील.

तापमान कमी ठेवून जास्त वेळ शिजवलं तर? १६० अंशांवर अर्धा तास फ्राइज कोरड्या होतील, पण कवच धरण्याआधी आतलाही ओलावा जाईल, आणि मग त्या चामड्यासारख्या चिवट लागतील. उलट अगदी गडद करणंही नको. बटाट्यातली साखर आणि अस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल १२० अंशांच्या वर एकत्र आलं की अॅक्रिलामाइड तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. युरोपीय संघाने २०१७ साली यावर नियम केला. फ्राइजच्या पाकिटावरच्या सूचनांत सोनेरी पिवळ्या रंगावर थांबायला सांगावं, असं त्यात म्हटलं आहे. टोपली हलवण्याचा इथेही उपयोग होतो. खालच्या फिकट फ्राइजची वाट बघत वरच्या करपवाव्या लागत नाहीत.

टोपलीत बटर पेपर घालण्याची सवय बऱ्याच जणांना लागली आहे, धुवायचं काम वाचतं म्हणून. मासे किंवा पनीर असेल तर ठीक. फ्राइजखाली तो जाळीची भोकं बुजवतो, म्हणजे हवेचा रस्ताच बंद, आणि मग कितीही हलवा.

सगळं नीट करूनही फ्राइज गिच्च झाल्या, तर पाकीट तपासा. तुकड्यांचा एकच गोळा झालाय, आत भुरभुरीत बर्फ साठलाय? मग दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत, किंवा लांबलेल्या भारनियमनात, पाकीट एकदा वितळून पुन्हा गोठलं आहे. आतल्या पेशी फुटून पाणी बाहेर आलेलं असतं. थोडंच वितळून गेलं असेल, तर बर्फ झटकून टाका, गोळा हाताने मोकळा करा, घाणा आणखी लहान ठेवा आणि पहिल्यांदा हलवणं सातव्या-आठव्या मिनिटावर न्या. बऱ्यापैकी होतील, पण ताज्या पाकिटासारख्या नाही. पाकीट तासन्तास ऊबेत पडून होतं असं वाटलं, तर मात्र ते टाकूनच द्या.

मीठ शेवटी, फ्राइज टोपलीबाहेर काढल्या काढल्या. आधी घातलेलं मीठ ओल ओढतं आणि हलवताना अर्धं जाळीतून खाली जातं. वाढताना पसरट ताटात मोकळ्या ठेवा, खोल वाडग्यात नको. तळाशी पुन्हा वाफ धरते. उरल्याच तर फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर तीन-चार मिनिटं, एकाच थरात.